एफआरएलएस म्हणजे आगीत टिकणारी केबल नव्हे : अग्निशमन पुरवठ्यातील या चुका टाळा

बडोद्यातील उंच इमारतींची विद्युत तपासणी करताना एक चूक मला आजही वारंवार आढळते. अग्निशमन पंप, धूर बाहेर काढणारे पंखे आणि फायर लिफ्ट यांना एफआरएलएस केबल जोडलेली असते आणि ती आगीत चालू राहील, असे सगळे धरून चालतात. ही केबल ज्वाला पुढे पसरू देत नाही व धूर कमी सोडते, एवढेच तिचे काम. पीव्हीसी जळून गेले की तारा एकमेकींना टेकतात आणि पुरवठा तुटतो. येथे फायर सर्व्हायव्हल केबलच हवी, कारण तिच्या तांब्यावर अभ्रकाची पट्टी गुंडाळलेली असते आणि वरचे थर जळाल्यावर ती पट्टीच तारांना वेगळे ठेवते. बीएस ६३८७ या ब्रिटिश मानकाच्या सी चाचणीत केबल ९५० अंश सेल्सियसला ३ तास चालू राहावी लागते. डब्ल्यू चाचणीत ज्वालेसोबत पाणी आणि झेड चाचणीत ज्वालेसोबत हादरे असतात. मी तिन्ही मागतो. लाल किंवा केशरी रंग हा पुरावा नव्हे. टोक सोलून अभ्रक पाहिल्याशिवाय मी केबल ओढू देत नाही.

मात्र उत्तम केबलही चुकीच्या मार्गाने वाया जाते. मांजलपूरच्या एका बारा मजली इमारतीत विद्युत शाफ्टमध्ये आग लागली, तेव्हा धुराचा पंखा थोड्याच वेळात थांबला. जनरेटर व्यवस्थित चालू झाला होता आणि चेंजओव्हर पॅनेलने पुरवठाही बदलला होता. पण ते पॅनेल तळघरात होते आणि तेथून गच्चीवरील पंख्यापर्यंत एकच एफआरएलएस केबल त्याच शाफ्टमधून गेली होती. दोन पुरवठे एका जळालेल्या केबलवर येऊन संपले. दुसऱ्या शाफ्टचा खर्च वाचवण्याचा तो निर्णय आठवला की मला आजही संताप येतो. तेव्हापासून मुख्य व पर्यायी केबल वेगवेगळ्या शाफ्टमधून नेणे आणि चेंजओव्हर पंख्याच्या किंवा पंपाच्या खोलीतच बसवणे, यावर मी अडून बसतो.

केबल प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधू नये. स्टीलचे क्लॅम्प व स्टीलचा ट्रे वापरावा, कारण ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते.

केबलचा आकार नेहमीच्या तक्त्यावरून ठरवण्याची घाई नवे अभियंते फार करतात. सुमारे ८५० अंशांना तांब्याचा रोध चौपटीहून अधिक होतो. म्हणजे १२० मीटरपैकी ४० मीटर केबल आगीतून जात असेल, तर एकूण रोध जवळपास दुप्पट होतो. मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणून पंप सुरू होतानाचा व्होल्टेज ड्रॉप मी या वाढलेल्या रोधावर मोजतो आणि तो जास्त आला, तर केबल एक आकार मोठी घेतो.