भरकटलेल्या निबंधाचा उलटा आराखडा काढण्याची तयारी

उलटा आराखडा म्हणजे लिहून झालेल्या मसुद्यातून, परिच्छेदागणिक एकेक ओळ घेऊन काढलेला आराखडा. त्यासाठी मसुदा कागदावर छापून घ्यावा, समासात जागा सोडावी, मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी आणि प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यावा. यात समजावण्यासारखे काही नाही.

यानंतर परिच्छेदागणिक समासात एक ओळ लिहायची असते, आणि ती ओळ पूर्ण वाक्य असली पाहिजे. त्यात क्रियापद हवे, विषयाचे नुसते नाव नको. मागच्या वेळी माझ्याकडून नेमके हेच राहिले, आणि आराखड्याच्या नावाखाली हाती आली ती फक्त अनुक्रमणिका. रत्नागिरीच्या सड्यांवरील, म्हणजे उघड्या कातळी पठारांवरील, कातळशिल्पांवर निबंध होता, नऊ परिच्छेदांचा. समासात मी ‘पावसाळा’, ‘काशेळीचा हत्ती’, ‘चिरेखाणी’, ‘युनेस्को’, ‘कुंपण’ असे शब्द टिपले. शब्दांचा क्रम कसाही लावला तरी तो बरोबरच दिसतो, कारण शब्द काही म्हणतच नाही. म्हणून मी परिच्छेद हलवत राहिलो आणि निबंध होता तितकाच भरकटलेला राहिला.

तीच ओळ वाक्यात लिहिली की काय होते ते पाचव्या परिच्छेदात पाहावे. ‘युनेस्को’ या शब्दावरून तो गौरवाचा परिच्छेद वाटतो आणि शेवटी न्यावासा वाटतो. वाक्य मात्र असे झाले: ‘2022 मध्ये संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत कोकणातील नऊच ठिकाणे गेली, त्यामुळे उरलेल्या सड्यांना त्या यादीचा आधार नाही.’ म्हणजे हा परिच्छेद गौरव करत नाही, उणीव दाखवतो, आणि त्याची जागा शेवटी नसून युक्तिवादाच्या ओघात आहे. हे क्रियापदाने दाखवले. म्हणून पुन्हा सांगतो, समासात क्रियापदासह वाक्य लिहावे.

वाक्य लिहिताना कागदावर जे आहे तेच लिहावे. आपल्याला काय म्हणायचे होते ते नव्हे. वाक्यात ‘आणि’ घालावाच लागत असेल तर तो परिच्छेद दोन कामे करतो आहे. सातव्या परिच्छेदाची ओळ ‘कलमांच्या बागांसाठी सडा फोडला जातो आणि चित्राभोवती कुंपण घातले तरी बाहेरचा सडा उघडाच राहतो’ अशी झाली, तेव्हा तो तिथेच तोडावा लागला. वाक्यच होत नसेल, तर परिच्छेद काही सांगत नाही असे समजावे आणि त्याच्यावर माया करू नये.

सगळ्या ओळी झाल्यावरच प्रतिपाद्य, म्हणजे निबंधाचे मुख्य म्हणणे, एका वाक्यात लिहावे, आधी नाही; आधी लिहिले तर ओळी त्याच्या सोयीने वाकतात. ते सुरुवातीच्या परिच्छेदात सापडेल असेही धरू नये, कारण लिहिता लिहिताच आपल्याला आपले मत कळत जाते आणि ते पुष्कळदा शेवटाजवळ पडलेले असते. इथे ते सातव्याच्या तुटलेल्या अर्ध्या भागातून निघाले: ‘कातळशिल्पे टिकवायची तर एकेका चित्राला कुंपण पुरणार नाही, अख्खा सडा राखावा लागेल.’ यालाही क्रियापद आहे, आणि याच्याशी कोणी असहमत होऊ शकतो. ‘कातळशिल्पांचे संवर्धन’ या शब्दांशी असहमत होता येत नाही, म्हणून ते प्रतिपाद्य नव्हे.

आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा: हे वाक्य काढले तर प्रतिपाद्य लंगडे होते का? पहिल्या परिच्छेदातील पावसाळी फुलांचे वर्णन आणि आठव्यातील काळनिश्चितीची चर्चा काढूनही काही बिघडले नाही; दोन्ही वेगळ्या फाइलमध्ये गेली. जांभ्यात चित्र कसे कोरले आहे हे सांगणारा दुसरा आणि काशेळीच्या हत्तीत इतर प्राणी कसे कोरले आहेत हे सांगणारा तिसरा एकत्र झाले. त्यानंतर सध्याच्या कुंपणाचा नववा, मग चिरेखाणींचा चौथा, सातव्याचे दोन्ही भाग, पाचवा, आणि शेवटी सड्यात मुरणारे पाणी व गुरांची चराई सांगणारा सहावा, कारण अख्खा सडा राखण्याचे बळ तिथे आहे. क्रम ठरवताना फक्त समासातील वाक्ये सलग वाचावीत. ती एकामागून एक पटत गेली तर क्रम बसला. शब्द टिपले असतील तर ही परीक्षा घेताच येत नाही, आणि ओळींना क्रियापदे लागतात ती याचसाठी.

हलवाहलव झाल्यावर सांधे तपासावेत. ‘वर म्हटल्याप्रमाणे’ हे आता खाली म्हटलेले असू शकते. ‘हा हत्ती’ त्याच्या ओळखीआधी येऊ नये. ‘जांभा’ म्हणजे काय ते पहिल्या उल्लेखातच सांगावे. परिच्छेदांची पहिली वाक्ये समासातील ओळींवरून नव्याने लिहावीत. शेवटी सगळे मोठ्याने वाचावे, आणि शुद्धलेखन त्यानंतर.