जबड्याखालची दाढी: पुटकुळ्या येतात, तरी खरखर जात नाही? या चुका टाळा

गालावरची दाढी बहुतेकांना जमते. अडचण सुरू होते ती जबड्याच्या हाडाखाली. आरशात सगळं साफ दिसतं, पण बोट फिरवलं की जबड्याच्या कोपऱ्याशी खुंट लागतात आणि दोन दिवसांनी हनुवटीखाली लाल पुटकुळ्या उठतात. मग माणूस पुढच्या वेळी आणखी जोर लावतो, त्याच जागेवरून आणखी दोनदा रेझर फिरवतो आणि त्रास वाढवून घेतो.

याचं कारण त्या जागेच्या घडणीत आहे. गालाची त्वचा बऱ्यापैकी ताठ असते आणि तिथले केस साधारण वरून खाली वाढतात. जबड्याखाली मात्र त्वचा सैल आहे, तिला वळण आहे आणि केसांची दिशा दर दोन बोटांवर बदलते. गालावर चालणारी सवय तिथे चालत नाही.

आधी ओळखा, नेमकं काय झालंय

दाढीनंतरची सगळी लाली सारखी नसते, आणि उपाय ओळखीवरच ठरतो.

दाढी झाल्या झाल्या किंवा तासाभरात त्वचा लाल होऊन चुरचुरायला लागली आणि ती लाली एकसंध पसरलेली असली, तर त्वचा घासली गेली आहे. जोर, बोथट पातं किंवा सुकलेला फेस, यांतलं काहीतरी कारण असतं. अशी लाली साधारणपणे एक-दोन दिवसांत आपोआप बसते.

पुटकुळ्या एक-दोन दिवसांनी, खुंट वाढायला लागल्यावर उठल्या तर प्रकरण वेगळं. भिंगातून किंवा चांगल्या उजेडात पाहा. पुटकुळीच्या मधोमध केस दिसतो, कधी तो वळून परत त्वचेत शिरलेलाही दिसतो. हा आत वळलेला केस. कुरळ्या केसांच्या लोकांना हा त्रास जास्त होतो, पण गालावर सरळ केस असलेल्यांच्याही गळ्यावरचे केस वळणदार असू शकतात.

हे का होतं ते समजून घेणं मोलाचं आहे. दोन-तीन किंवा पाच पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केसाला धरून किंचित वर ओढतं आणि तो मागे जायच्या आत पुढची पाती त्याला कापतात. कापलेलं टोक मग त्वचेच्या पातळीखाली सरकतं. हात फिरवला की गुळगुळीत लागतं ते यामुळेच. पण केस वळणदार असेल तर तिरकं, अणकुचीदार कापलेलं ते टोक वाढताना बाहेर येण्याऐवजी बाजूच्या त्वचेत घुसतं. शरीर त्याला परकी वस्तू समजतं आणि सूज येते. त्वचा खूप ताणून, केसांच्या उलट्या दिशेने दाढी केली की नेमकं हेच घडायला वाव मिळतो. ज्या गुळगुळीतपणासाठी आपण धडपडतो, तोच इथे पुटकुळ्यांचं कारण ठरतो.

सगळ्यात मोठी चूक: दिशा न पाहता रेझर चालवणे

एकदा दोन दिवस दाढी करू नका. मग बोटाच्या टोकाने जबडा आणि गळा हळूहळू चाचपा. ज्या दिशेने बोट सहज सरकतं ती केसांची दिशा, जिकडे अडतं ती उलटी. बोटाला कळलं नाही तर कापसाचा छोटा बोळा फिरवा, उलट्या दिशेने तो अडकतो. कागदावर चेहऱ्याचा आकार काढून बाण मारून ठेवा. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी तपासा, कारण ती सारखी असेलच असं नाही. गळ्यावर कुणाला भोवराही असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा एका तरुणाच्या हनुवटीखाली सतत पुटकुळ्या येतात, जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांशी खरखर राहते आणि गळ्याचा खालचा भाग मात्र छान असतो. तो गळ्याची दाढी कॉलरपासून जबड्यापर्यंत, खालून वर, एका दमात करतो. बाण काढल्यावर त्याला असं दिसतं: हनुवटीखालचे केस खाली, कंठमण्याकडे वाढतात. गळ्याच्या तळाचे केस वर वाढतात. दोन्ही कंठमण्याच्या आसपास भेटतात. आणि जबड्याच्या कोपऱ्याशी केस आडवे, हनुवटीकडून कानाकडे पडलेले आहेत.

आता सगळं उलगडतं. गळ्याच्या तळाशी त्याचा हात केसांच्या दिशेनेच चालला होता, म्हणून तिथे त्रास नव्हता. हनुवटीखाली तोच हात उलटा पडत होता, म्हणून पुटकुळ्या. कोपऱ्यावर त्वचेला चिकटून आडवे पडलेले केस पात्याखाली नीट येतच नव्हते, म्हणून खरखर. एकाच सवयीने तीन जागी तीन वेगळे परिणाम केले.

त्याने पहिला हात असा फिरवावा: गळ्याच्या तळापासून कंठमण्यापर्यंत वर, हनुवटीखालून कंठमण्यापर्यंत खाली, आणि कोपऱ्यावर हनुवटीकडून कानाकडे. मग पुन्हा फेस लावून दुसरा हात केसांना आडवा: हनुवटीखाली एका बाजूकडून दुसरीकडे, कोपऱ्यावर वरून खाली. तिसरा, उलटा हात जबड्याखाली फिरवूच नये. थोडीशी खरखर राहील, ती राहू द्यावी. हाताला लागते तेवढी ती दिसत नाही.

कोरड्या केसावर पातं नको

कोरडा दाढीचा केस कापायला कठीण असतो. पाणी शोषलं की तो फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. त्यासाठी दोन-तीन मिनिटं लागतात, चेहऱ्यावर पाण्याचे दोन हबके मारून ते होत नाही. अंघोळीनंतर लगेच दाढी करणं सगळ्यात सोपं. ते शक्य नसेल तर आधी सौम्य फेसवॉशने तेलकटपणा काढा आणि कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल जबड्याखाली धरून ठेवा. कढत पाणी नको, त्याने त्वचा कोरडी पडते.

क्रीम ब्रशने गोल फिरवत लावा, म्हणजे आडवे पडलेले केस उभे राहतात. कोपऱ्यावर याचा फायदा जास्त. लावून एक मिनिट थांबा. सुरुवात गालापासून करा. हनुवटी आणि ओठावरचे केस जाड असतात, त्यांना भिजायला जास्त वेळ मिळू द्या. फेस मध्येच सुकला तर पाणी लावून पुन्हा ओला करा. फेस नसलेल्या जागेवरून "एवढंच राहिलंय" म्हणून फिरवलेला एक हातसुद्धा सोलवटायला पुरतो.

जोर आणि ताण

रेझर मुठीत आवळू नका, दांडा बोटांच्या टोकांनी धरा. रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. ते पुरत नसेल तर पातं बोथट झालंय किंवा केस भिजलेले नाहीत, जोर वाढवणं हा त्यावर इलाज नाही. कार्ट्रिजचा कोन ठरलेला असतो. एका ब्लेडच्या सेफ्टी रेझरला मात्र तो आपण द्यायचा असतो: आधी रेझरच्या डोक्याची वरची बाजू त्वचेवर टेकवा, मग पातं केसाला लागेपर्यंत दांडा हळूहळू खाली आणा. पातं आणि त्वचा यांत साधारण 30 अंश राहतात.

जबड्याच्या कडेवर सरळ रेझर चालवला तर तो हाडावर उडतो आणि कापतं. मोकळ्या हाताने त्वचा हलकेच गालाकडे ओढा, म्हणजे हाडाखालची त्वचा सपाट जागेवर येईल. गळ्यासाठी मान थोडी मागे न्या. ताण घडी मोडेल इतकाच द्या; त्याहून जास्त ताणलं की कापलेला केस आत सरकतो. हात दोन-तीन सेंटिमीटरचे, छोटे ठेवा आणि दर एक-दोन हातांनी पातं धुवा.

पातं साधारण पाच ते सात दाढ्यांनंतर बदला. दाट दाढीला त्याआधीच बदलावं लागेल. केस ओढल्यासारखा वाटला की दिवस मोजत बसू नका. पातं टॉवेलला पुसू नका, झटकून कोरड्या जागी ठेवा.

दाढीनंतर

साबणाचा अंश राहू न देता गार पाण्याने धुवा आणि टॉवेलने टिपा, घासू नका. तुरटी वापरत असाल तर ओली करून हलकेच फिरवा आणि मिनिटाभराने धुऊन टाका. ती जिथे जास्त झोंबते तिथे तुमचा जोर जास्त पडला, ही चांगली खूण आहे. अल्कोहोलच्या आफ्टरशेव्हने येणारी चुरचूर म्हणजे स्वच्छता नव्हे. त्याऐवजी त्वचा किंचित ओली असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. घट्ट कॉलर घालून बाहेर पडायचं असेल तर आदल्या रात्रीच दाढी करून ठेवा.

सॅलिसिलिक ॲसिडची उत्पादनं आत वळलेल्या केसांवर उपयोगी पडतात, पण ताज्या दाढीवर नकोत. दाढी न केलेल्या रात्री लावा.

पुटकुळ्या आधीच आलेल्या असतील तर तिथे तीन-चार आठवडे रेझर लावू नका. ट्रिमरने साधारण एक मिलिमीटर ठेवून कापा, त्याने टोक त्वचेच्या वर राहतं. रोज ओल्या मऊ कापडाने हलकेच गोल चोळा. चिमट्याने केस उपटण्याचा मोह होईल, पण उपटलेला केस पुन्हा उगवताना त्याच जागी आत शिरू शकतो. वळलेलं टोक वर दिसत असेल तर निर्जंतुक सुईने फक्त बाहेर काढून सोडा.

काळसर झाक हा वेगळा विषय. दाट, काळ्या केसांच्या लोकांमध्ये त्वचेखालचा केस वरून दिसतो. ती झाक कोणत्याही दाढीने जात नाही, तिच्यामागे लागून रेझर घासू नका. पुटकुळ्यांनंतरचे काळे डाग मात्र हळूहळू फिके होतात. त्याला काही महिने लागतात आणि दिवसा सनस्क्रीन लावणं गरजेचं असतं.

पू, वाढत जाणारं दुखणं, कडक गाठी किंवा जाड होत जाणारे व्रण दिसले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. वारंवार त्रास होत असेल तर लेझरने केस कमी करण्याचा पर्यायही ते सांगू शकतात. जाताना दोन दिवसांची दाढी तशीच ठेवा, म्हणजे केस कुठे आणि कसे वळलेत ते त्यांना पाहता येईल.