उभ्या छपाईची जपानी पुस्तिका: आडव्या पडद्यावर न दिसणाऱ्या या चुका टाळा

जपानी मजकूर संगणकावर बहुधा आडवा टंकलेला असतो आणि छापील पुस्तिका मात्र उभी, म्हणजे वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचली जाणारी हवी असते. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकटीची दिशा बदलली की काम झाले, असा समज होतो. प्रत्यक्षात आडव्या ओळीत निर्दोष दिसणारी अनेक चिन्हे उभ्या स्तंभात गेल्यावर चुकीची ठरतात, आणि त्यांतील बरीचशी आधी दिसतही नाहीत, कारण आडव्या पडद्यावर ती योग्य चिन्हासारखीच दिसतात. माझ्याकडे तपासणीसाठी आलेल्या, कॉफीच्या लागवडीविषयीच्या 24 पानी पुस्तिकेतील एक वाक्य उदाहरणासाठी घेतो.

```
2024年5月10日、コ一ヒ一3.5トン（約12,000袋）
```

दीर्घस्वरचिन्ह की कांजीतील ‘एक’?

जपानी भाषेत काताकाना लिपीतील शब्दांचा स्वर लांबवण्यासाठी ー हे चिन्ह वापरतात. त्याला चोओन्पु म्हणतात आणि त्याचा संकेतांक U+30FC आहे. उभ्या मांडणीत हे चिन्ह उभे होते. फॉन्टमध्ये त्यासाठी वेगळे रूप ठेवलेले असते आणि मांडणीचे सॉफ्टवेअर ते आपोआप घेते. परंतु वरील वाक्यातील ‘कॉफी’ या शब्दात दोन्ही ठिकाणी हे चिन्ह नसून ‘एक’ या अर्थाची 一 ही कांजी (U+4E00) आहे. जुन्या छापील पानावरून यंत्राने मजकूर उचलला की ही अदलाबदल हमखास होते. कांजी उभ्या स्तंभातही आडवीच राहते, त्यामुळे छापून आल्यावर शब्दाच्या मध्यभागी एक आडवी काडी पडलेली दिसते आणि जपानी वाचक तिथेच अडखळतो.

नियमित अभिव्यक्तींनी शोध घेता येत असेल (इनडिझाइनमध्ये त्याला ग्रेप म्हणतात), तर पुढील दोन शोध चालवावेत. पहिला शोध काताकाना अक्षरानंतरची कांजी पकडतो आणि दुसरा तिथे घुसलेली संयोगचिन्हे व डॅश पकडतो.

```
[ァ-ヶ]一
[ァ-ヶ][－―—-]
```

सापडलेले सर्व एकदम बदलण्याचा मोह मात्र टाळावा. チーム一丸 (संघ एकजुटीने) या शब्दप्रयोगात काताकानानंतर आलेली कांजी अगदी बरोबर आहे आणि पहिला शोध तिलाही पकडतो. उलट प्रकारची चूकही होते. コーヒー一杯, म्हणजे ‘एक कप कॉफी’, या शब्दांत शेवटचे दीर्घस्वरचिन्ह आणि कांजी शेजारीशेजारी येतात. उभ्या स्तंभात त्यांपैकी पहिले उभे आणि दुसरी आडवी दिसली पाहिजे. दोन्ही उभी दिसली तर कांजीच्या जागी दीर्घस्वरचिन्ह पडले आहे, आणि ते शोधण्यासाठी ーー असा साधा शोध पुरतो.

डॅशची चूक अधिक फसवी असते, कारण डॅशही उभ्या मांडणीत उभाच होतो. फरक एवढाच की तो सरळ रेघेसारखा दिसतो, तर अनेक फॉन्टमध्ये खऱ्या दीर्घस्वरचिन्हाच्या वरच्या टोकाला कुंचल्याची किंचित वळलेली सुरुवात असते. डोळा सरावल्याशिवाय हा फरक प्रुफात पकडता येत नाही. म्हणून शोध आधी घ्यावा आणि डोळ्यांचा उपयोग नंतर करावा.

कधी कधी संकेतांक बरोबर असूनही चिन्ह आडवे राहते. अशा वेळी निदानाची एक सोपी रीत आहे. काहीच चिन्हे आडवी असतील तर दोष मजकुरात आहे. सगळीच आडवी असतील तर दोष फॉन्टमध्ये किंवा चौकटीत आहे: एक तर फॉन्टमध्ये उभी रूपे नाहीत, किंवा प्रत्येक अक्षर वेगळ्या ओळीत टाकून उभेपणाचा केवळ आभास निर्माण केलेला आहे.

अंक हा संपादकीय निर्णय आहे

अंकांचा प्रश्न सॉफ्टवेअरवर सोडू नये. अर्ध्या रुंदीचे 2024 हे अंक उभ्या स्तंभात नुसते ओतले तर ते आडवे लोळतात आणि वाचकाला मान वाकडी करावी लागते. दोन अंकी संख्या एका अक्षराच्या जागेत शेजारीशेजारी उभी बसवण्याची सोय असते, तिला ताते-चू-योको (縦中横) म्हणतात. ती दोन अंकांना शोभते आणि तीन अंकांना जेमतेम पुरते. चार अंकी वर्ष तिच्यात कोंबले तर ते वाचवत नाही. गद्य पुस्तिकेत मी कांजी अंक पसंत करतो.

त्यांतही दोन पद्धती आहेत. वर्ष अंकवार लिहितात, तर महिना व दिवस यांसाठी ‘दहा’ची 十 ही कांजी वापरता येते. 十日 आणि 一〇日 यांपैकी कोणतीही पद्धत चालते, पण एकाच पुस्तिकेत दोन्ही नसाव्यात. शून्यासाठी 〇 (U+3007) हेच चिन्ह हवे. त्याऐवजी ○ हे वर्तुळ (U+25CB) पुष्कळदा टंकले जाते, ते आकाराने वेगळे दिसते आणि शोधात वर्ष सापडत नाही.

दशांशबिंदूच्या जागी मध्यबिंदू ・ येतो. हजारांच्या स्वल्पविरामाविषयी मात्र जपून राहावे. 、 हे चिन्ह कांजी अंकांमध्ये ‘दोन किंवा तीन’ असेही सांगते: 二、三日 म्हणजे दोन-तीन दिवस. हे चिन्ह काढून टाकल्यास 二三日 असे उरते आणि तेवीस तारीख वाचली जाण्याचा धोका असतो. म्हणून सरसकट शोध-बदलीने अंकांमधले स्वल्पविराम कधीही काढू नयेत. मोठ्या संख्या 万 (दहा हजार) व 千 (हजार) यांनी लिहिल्या की स्वल्पविरामाची गरजच उरत नाही. दुरुस्त वाक्य असे झाले:

```
二〇二四年五月十日、コーヒー三・五トン（約一万二千袋）
```

दूरध्वनी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता यांना या नियमांत ओढू नये. ते शेवटच्या पानावर वेगळ्या आडव्या चौकटीत ठेवले तर कोणाचीच गैरसोय होत नाही.

विरामचिन्हे

उभ्या स्तंभात 、 आणि 。 ही चिन्हे आपल्या चौकोनाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बसतात. ती खालच्या डाव्या कोपऱ्यात दिसली तर आडवे रूपच वापरले गेले आहे, आणि वर सांगितलेली ‘काही की सगळी’ ही कसोटी इथेही लागू पडते. आडव्या शास्त्रीय मजकुरात ， आणि ． वापरण्याची पद्धत आढळते. उभ्या पुस्तिकेत ती 、 व 。 यांनी बदलावीत.

अवतरणचिन्हांचा प्रश्न अधिक दुर्लक्षित आहे. वक्र “ ” चिन्हे उभ्या स्तंभात नुसती फिरवली जातात आणि अवघडलेली दिसतात. संवादासाठी 「」 वापरावीत; एखाद्या शब्दावर भर द्यायचा असेल तर 〝 आणि 〟 ही जोडी (U+301D व U+301F) आहे. बंद करणाऱ्या चिन्हासाठी पुष्कळजण 〞 (U+301E) निवडतात. उभ्या मांडणीत हवे असते ते दुसरे, खाली बसणारे. वाक्य तुटल्याचे दाखवणारे तीन मध्यबिंदू (・・・) हीदेखील टंकलेखनातून आलेली सवय आहे. छपाईत …… असे दोन अक्षरांची जागा घेणारे चिन्ह देतात.

शेवटचे प्रूफ कागदावर, मूळ आकारात काढून घ्यावे. पुण्यामुंबईत काम करून घेणार असाल तर सोबत हाताने दुमडलेला नमुना छापखान्यात द्यावा. उभ्या जपानी पुस्तिकेची बांधणी उजवीकडे असते, आणि सवयीने डावीकडे टाचण्या मारल्या गेल्या तर पाने उलट्या क्रमाने येतात. मग आतले एकेक चिन्ह कितीही अचूक असले तरी पुस्तिका पुन्हा छापावी लागते.