मर्जरनंतर पोस्ट गेली: राजीनाम्याआधी पॅकेजचं गणित कसं मांडलं

कुपवाड एमआयडीसीतल्या कंपनीत मी अकाउंट्स मॅनेजर होतो, जॉइनिंग १ जुलै २०१२. २०२३ मध्ये पुण्याच्या एका ग्रुपनं कंपनी घेतली आणि बिलिंग, पेमेंट, जीएसटी सगळं पुण्याच्या ऑफिसातून चालणार असं ठरलं. म्हणजे प्लँट राहणार, माणसं राहणार, पण इथल्या अकाउंट्स मॅनेजरचं काय काम? सांगलीकरांना मर्जर काही नवीन नाही म्हणा, आपली सांगली बँक २००७ ला आयसीआयसीआयमध्ये गेली, त्याच्या आदल्या वर्षी साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये. पण बँकेत युनियन असते, आमच्यासारख्या खासगी कंपनीतल्या मॅनेजर लोकांच्या मागं कोण उभं राहणार.

हे आधी नीट समजून घ्या. शॉपफ्लोअरवरच्या कामगाराला कंपनीनं कमी केलं तर कायद्यानं किमान भरपाई ठरलेली आहे, दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा पगार आणि वर नोटीस. मॅनेजर त्या व्याख्येत बसत नाही. आपल्याला जे मिळतं ते अपॉइंटमेंट लेटर, कंपनीची पॉलिसी आणि आपण काय बोलून घेतो यावर. आणि तुम्ही नुसता राजीनामा दिलात तर बोलायला काहीच उरत नाही, उलट नोटीस पिरियड तुम्हीच देणं लागता. आमच्या एचआरचा पहिला फोन तसाच होता, "साहेब, तुम्ही रिझाइन टाका, पॅकेजचं आपण बघू की." मी म्हटलं आधी पॅकेज कागदावर येऊ दे, मग राजीनामा त्याच दिवशी देतो.

मग शीट आली. खाली एकूण ७ लाख ७४ हजार, ठळक अक्षरात. बघून बरं वाटतं, पण कुठलीही अशी शीट आली की पहिल्यांदा पेन घेऊन तिचे दोन भाग करायचे, हक्काचं आणि ज्यादा. माझं बेसिक ४० हजार. ग्रॅच्युइटी म्हणजे बेसिक भागिले २६ गुणिले १५, एका वर्षाचे झाले साधारण २३,०७७ आणि त्यांनी ११ वर्षं धरलेली, म्हणजे २ लाख ५४ हजार. शिल्लक ६० दिवसांच्या रजेचे ८० हजार. हे ३ लाख ३४ हजार तर मी उद्या दुसरीकडं नोकरी धरून गेलो असतो तरी त्यांना द्यावेच लागले असते, रजेचे पॉलिसीप्रमाणे आणि ग्रॅच्युइटी कायद्यानं. खरी ऑफर उरली ४ लाख ४० हजार, दर वर्षाला एक महिन्याचं बेसिक. बाकी सगळा आमच्याच पैशानं आमचा सत्कार.

बोलणी फक्त या ज्यादाच्या भागावर करायची. पीएफचं तर नावच काढू नका, ते तुमच्या खात्यात आहेच, कुणी "पीएफसकट एवढे मिळतील" म्हणालं तर समजायचं की आकडा फुगवायचं चाललंय.

दुसरी गोष्ट तारीख, आणि ही बहुतेक लोक सोडून देतात. त्यांनी शेवटचा दिवस १५ डिसेंबर टाकला होता. तेव्हा माझी सर्व्हिस ११ वर्षं साडेपाच महिने होत होती. ग्रॅच्युइटीत शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर काम झालं की ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे जानेवारीचे चार-पाच दिवस मिळाले की ११ ची १२ वर्षं. नुसतं "तारीख पुढं न्या" म्हटलं तर कोण नेतंय, त्यांना त्यात काय फायदा हे आपणच शोधून द्यावं लागतं. आमच्याकडं जीएसटीच्या वार्षिक रिटर्नची, म्हणजे जीएसटीआर-9 ची मुदत ३१ डिसेंबरला होती आणि टॅलीमधले जुने लेजर नव्या सिस्टीमला जुळवायचं काम अर्धवट पडलेलं, पुण्याच्या पोरांना आमच्या जॉबवर्कच्या चलनांचा काही पत्ता लागत नव्हता. मी लिहून कळवलं की रिटर्न भरून, ओपनिंग बॅलन्स मॅच करून, सही करून हँडओव्हर देतो, शेवटचा दिवस ५ जानेवारी ठेवा आणि नोटीस पिरियड यातच पूर्ण झाला असं धरा. हे लगेच मान्य झालं, कारण तारीख वाढवायला प्लँट हेडची सही चालते, पैसे वाढवायला मात्र ग्रुपच्या फायनान्सपर्यंत जावं लागतं.

पैशाच्या बाबतीत मी दर वर्षाला दोन महिने मागितले, दीडवर आलो. ज्यादा रक्कम ११ पूर्ण वर्षांवरच धरली कारण कंपनीच्या व्हॉलंटरी रिटायरमेंट स्कीममध्ये तसंच लिहिलं होतं, तिथं सहा महिन्यांचा नियम लागत नाही. ६० हजार गुणिले ११, ६ लाख ६० हजार. ग्रॅच्युइटी १२ वर्षांची २ लाख ७७ हजार, रजा ८० हजार, एकूण १० लाख १७ हजार, शिवाय तीन आठवड्यांचा पगार वेगळा.

आता टॅक्स. व्हॉलंटरी रिटायरमेंटच्या पैशावर ५ लाखापर्यंत सूट मिळते, आयुष्यात एकदाच. पण ती कुठल्याही निरोपाच्या पैशाला मिळत नाही. आयकर नियम २बीए मध्ये अटी आहेत: नोकरी १० वर्षं झालेली किंवा वय ४० पूर्ण, स्कीम डायरेक्टर सोडून सगळ्यांसाठी, रिकामी झालेली जागा परत भरायची नाही, आणि गेलेल्या माणसाला त्याच मॅनेजमेंटच्या दुसऱ्या कंपनीत घ्यायचं नाही. एकट्या तुमच्याशी बसून ठरवलेलं सेटलमेंट असेल तर ही सूट अडकू शकते. म्हणून स्कीमची कॉपी मागा आणि "ही स्कीम नियम २बीए प्रमाणे आहे" असं एचआरकडून मेलवर घ्या. मला नंतर ग्रुपच्या शिरवळच्या प्लँटला बोलवत होते, नको म्हटलं, तिथं गेलो असतो तर ५ लाखाची सूट धोक्यात. माझ्या ६ लाख ६० हजारातले १ लाख ६० हजारच टॅक्सेबल राहिले. (माझी केस जुन्या आयकर कायद्यातली आहे, नव्या कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, आणि लेबर कोड आल्यापासून ग्रॅच्युइटीला धरायच्या पगाराची व्याख्या पण बदललीय, तर बेसिक एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी असेल त्यांनी सीएकडून आकडा परत काढून घ्यावा.)

राजीनाम्यात "वैयक्तिक कारणास्तव" हे शब्द अजिबात टाकू नका, एचआर जो तयार फॉरमॅट पाठवतं त्यात नेमके तेच असतात. मी लिहिलं, "अमुक तारखेच्या ऑफर लेटरप्रमाणे, व्हॉलंटरी रिटायरमेंट स्कीमअंतर्गत, सोबतच्या शीटमधली रक्कम मिळण्याच्या अटीवर मी ५ जानेवारी २०२४ पासून सेवानिवृत्ती स्वीकारतो." शीट जोडली, दोन्हीवर त्यांची सही आणि शिक्का घेतला. एचआरवाला म्हणाला एवढं कशाला, मी म्हटलं अकाउंट्सवाला आहे हो मी, व्हाउचरशिवाय एंट्री करत नाही.

"आता माझी कंपनीकडं काही बाकी नाही" हा कागद शेवटच्या दिवशीच पुढं येतो, तो पैसे खात्यावर जमा झाल्यावरच द्या किंवा त्यात रक्कम आणि जमा करायची तारीख लिहायला लावा. आमच्यातल्या एकानं कोरा सही करून दिला आणि त्याचे रजेचे पैसे मार्चपर्यंत लोंबकळले.

मेडिक्लेमचं पण आधीच बघा. ग्रुप पॉलिसी शेवटच्या दिवशी बंद होते, पण त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीचा वेटिंग पिरियड धरला जातो. अर्ज मात्र नोकरीत असतानाच, महिनाभर आधी टाकायचा. घरी आईबाबांना शुगर-बीपी असेल तर एचआरला पॅकेजच्या पहिल्या मीटिंगलाच विचारून ठेवा, नंतर फोन उचलत नाहीत.