सेवेत असताना दिव्यांगत्व आल्यास नोकरी कशी टिकवावी : शासकीय आणि निमशासकीय कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शन

अपघात, पक्षाघात, मधुमेहाने गेलेला पाय किंवा हळूहळू अधू होत गेलेली नजर यांमुळे पूर्वीचे काम करता येईनासे झाले की कर्मचाऱ्यासमोर बहुधा एक कागद येतो. त्यावर 'प्रकृतीच्या कारणास्तव मला स्वेच्छेने सेवानिवृत्त करावे' असे लिहिलेले असते, आणि पुढे करणारा माणूस अनेकदा सद्‌भावनेनेच तो पुढे करीत असतो. या लेखातला पहिला सल्ला या कागदाबाबतच आहे : त्यावर सही करू नये. कायद्याने दिलेले संरक्षण मोठे आहे, पण ही सही झाली की तेच संरक्षण परत मिळवण्यात पुढची अनेक वर्षे जाऊ शकतात.

कायदा नेमके काय सांगतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २० च्या पोटकलम ४ नुसार, सेवेत असताना ज्याला दिव्यांगत्व आले अशा कर्मचाऱ्याला कोणत्याही शासकीय आस्थापनेस सेवेतून कमी करता येत नाही आणि त्याचा दर्जाही खाली आणता येत नाही. तो आधीच्या पदासाठी योग्य राहिला नसेल, तर त्याला त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर बदलता येते. असे कोणतेही पद उपलब्ध नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा नियत वयोमानाने निवृत्त होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, त्याला अधिसंख्य पदावर ठेवता येते. अधिसंख्य पद म्हणजे मंजूर पदांच्या संख्येबाहेर केवळ त्या व्यक्तीसाठी निर्माण केलेले आणि तिच्याबरोबरच संपणारे पद. त्यामुळे 'आमच्याकडे जागा रिक्त नाही' हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही, कारण जागा नसेल तर काय करायचे हे कायद्यातच लिहिले आहे.

या तरतुदीतला 'सेवेत असताना' हा शब्दप्रयोग नीट वाचावा. दिव्यांगत्व कामामुळे आलेले असले पाहिजे अशी अट तेथे नाही. रविवारी घरच्या गाडीवरून पडून पाय गेला तरी संरक्षण तेवढेच आहे. कामावरच्या इजेची नुकसानभरपाई हा स्वतंत्र विषय आहे. आस्थापना विभागात या दोहोंची सर्रास गल्लत होते आणि 'अपघात ड्युटीवरचा नाही' एवढ्यावर अर्ज परत येतो.

शासकीय आस्थापना या व्याख्येत शासनाचे विभाग, कायद्याने स्थापन झालेली महामंडळे, शासनाच्या मालकीच्या, नियंत्रणाखालील किंवा अनुदानित संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था आणि शासकीय कंपन्या येतात. मात्र शासनाला कामाचे स्वरूप पाहून अधिसूचनेद्वारे एखाद्या आस्थापनेला या कलमातून सूट देता येते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील लढाऊ पदांना अशी सूट दिलेली आहे, म्हणून गणवेशातील सेवेत असणाऱ्याने आधी ती अधिसूचना पाहावी.

एक उदाहरण

समजा, एका परिवहन महामंडळातील ४६ वर्षांच्या चालकाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याचे मूळ वेतन ३८,६०० रुपये आहे, सेवा १९ वर्षे झाली आहे आणि शिक्षण बारावीपर्यंत आहे. बस तो चालवू शकणार नाही, याबद्दल त्याचाही वाद नाही. पुढच्या पायऱ्या त्याच्या नजरेतून पाहू.

पहिली पायरी : रजेत खंड पडू देऊ नये

रुग्णालयात असतानाच, स्वतःला जमत नसेल तर घरच्या माणसाकडून, रजेचा अर्ज वैद्यकीय प्रमाणपत्रासह पाठवावा आणि मुदत संपण्याआधी प्रत्येक वेळी तो वाढवावा. आवक शिक्का असलेली प्रत किंवा रजिस्टर टपालाची पोच जपून ठेवावी. प्रत्यक्षात अनेक प्रकरणे येथेच बिघडतात. कर्मचारी कृत्रिम पाय बसवण्याच्या आणि चालायला शिकण्याच्या खटपटीत असतो, कार्यालय मात्र 'अनधिकृत गैरहजेरी'ची नोटीस काढते, आणि मग दिव्यांगत्वाचा प्रश्न बाजूला राहून विभागीय चौकशी सुरू होते. अशी नोटीस आलीच तर मुदतीत उत्तर द्यावे आणि त्यात गैरहजेरीचे कारण दिव्यांगत्व आहे हे पहिल्याच वाक्यात लिहावे.

दुसरी पायरी : प्रमाणपत्र आणि वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड यांसाठी swavlambancard.gov.in या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. तपासणी अधिकृत शासकीय रुग्णालयात होते. आरक्षणासाठी लागणारी ४० टक्क्यांची मर्यादा सर्वांना ठाऊक असते, पण कलम २०(४) मध्ये फक्त 'दिव्यांगत्व' असा शब्द आहे. लक्षणीय दिव्यांगत्वाची, म्हणजे ४० टक्क्यांची, अट त्यात घातलेली नाही. टक्केवारी कमी आली म्हणून अर्जच न करणे चुकीचे ठरेल.

खरी कसोटी असते ती कार्यालयाने पाठवलेल्या वैद्यकीय तपासणीत. 'सेवेस अपात्र' आणि 'चालक या पदास अपात्र' या दोन शेऱ्यांत नोकरी जाण्याराहण्याएवढे अंतर आहे. आपल्या उदाहरणातल्या चालकाने तपासणीच्या वेळीच मंडळाला लेखी विनंती करावी की, बसून करण्याच्या कामासाठी आपण पात्र आहोत किंवा नाही, याबाबतही स्पष्ट अभिप्राय द्यावा. अभिप्राय 'सेवेस अपात्र' असा मोघम आलाच, तर त्याची प्रत मागून तत्काळ फेरतपासणीचा अर्ज करावा.

तिसरी पायरी : पर्यायी पदासाठी अर्ज

हा अर्ज कार्यालयाकडून विचारणा होण्याची वाट न पाहता करावा. भाषा साधी असावी, पण कलमाचा उल्लेख असावा. मजकूर साधारण असा :

'मी दि. ___ पासून चालक पदावर कार्यरत आहे. दि. ___ रोजी सेवेत असताना मला दिव्यांगत्व आले असून प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) नुसार मला सध्याच्याच वेतनश्रेणीत आणि सेवालाभांसह योग्य अशा पर्यायी पदावर सामावून घ्यावे आणि तसे पद उपलब्ध नसल्यास अधिसंख्य पदावर ठेवावे. मी स्वेच्छानिवृत्तीची मागणी केलेली नाही.'

शेवटचे वाक्य अनावश्यक वाटेल, पण ते गाळू नये. अर्जात आपल्याला जमतील अशी दोनतीन पदेही सुचवावीत : आगारातील भांडारातले काम, आरक्षण खिडकी, नियंत्रण कक्षातील नोंदी. पद शोधण्याची जबाबदारी आस्थापनेची आहे हे खरे, पण नाव सुचवले की फाइल हलते, हा अनुभव आहे.

आदेश हातात आल्यावर आधी वेतनाचा रकाना पाहावा. नव्या पदाची श्रेणी खालची आहे म्हणून मूळ वेतन ३८,६०० ऐवजी २९,२०० रुपये दाखवले असेल, तर तो आदेश कायद्याला धरून नाही. काम हलके होऊ शकते, पण वेतनश्रेणी खाली येत नाही. अशा वेळी रुजू होण्यास नकार देऊ नये. 'वेतननिश्चितीबाबतचा हक्क राखून रुजू होत आहे' असे रुजू अहवालात लिहावे आणि वेतनाबाबत वेगळा अर्ज द्यावा. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून पदोन्नतीही नाकारता येत नाही, म्हणून पुढच्या ज्येष्ठता यादीत आपले नाव आहे ना, तेही पाहावे.

चौथी पायरी : कामाच्या जागी वाजवी सोय

पद बदलले म्हणजे सगळे झाले असे नाही. भांडार पहिल्या मजल्यावर असेल आणि इमारतीला लिफ्ट नसेल, तर कृत्रिम पायाने रोज जिना चढणाऱ्याची बदली कागदावरच राहते. कलम २०(२) नुसार शासकीय आस्थापनेने वाजवी सोय आणि अडथळाविरहित वातावरण दिले पाहिजे. त्या विशिष्ट माणसाला इतरांप्रमाणे काम करता यावे यासाठी आवश्यक आणि योग्य असा बदल, जो आस्थापनेवर अवाजवी बोजा टाकत नाही, तो म्हणजे वाजवी सोय. ती नाकारणे हा कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभाव आहे.

मागणी मोघम असू नये. 'मला सोयी द्याव्यात' यापेक्षा 'माझी बसण्याची जागा तळमजल्यावर असावी, वरच्या फडताळातील माल काढण्यासाठी मदतनीस असावा, आणि दर महिन्याला कृत्रिम पायाच्या तपासणीसाठी अर्धा दिवस मिळावा' असे लिहिले, तर अधिकाऱ्याला प्रत्येक मुद्द्यावर हो किंवा नाही म्हणावे लागते. नाही म्हणायचे असेल तर बोजा कसा अवाजवी होतो, हे लेखी मागावे. दृष्टी गेलेल्याची गरज स्क्रीन रीडरची असेल, पक्षाघात झालेल्याची कामाच्या वेळेची. सर्वांना एकच ठरीव सोय हा या तरतुदीचा अर्थ नाही.

पाचवी पायरी : उत्तर आले नाही किंवा नकार आला तर

प्रत्येक शासकीय आस्थापनेने कलम २३ नुसार तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. त्याच्याकडील तक्रार नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हावी लागते. समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. त्यापुढे राज्याच्या आस्थापनांसाठी राज्याचे दिव्यांग आयुक्त आणि केंद्राच्या आस्थापनांसाठी मुख्य आयुक्त आहेत. आयुक्तांनी शिफारस केली की आस्थापनेने तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची किंवा शिफारस न स्वीकारण्याची कारणे द्यायची असतात. मात्र ही शिफारसच आहे, न्यायालयाचा हुकूमनामा नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

सेवेतून कमी केल्याचा आदेशच निघाला असेल, तर आयुक्तांच्या निर्णयाची वाट पाहत बसू नये. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात सर्वसाधारणपणे अंतिम आदेशापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. महामंडळाच्या कर्मचाऱ्याचा मार्ग वेगळा असतो, तेथे वकिलाला आदेशाची प्रत दाखवूनच मंच ठरवावा.

सही आधीच झाली असेल तर

सगळे संपले असे समजू नये. १९९५ च्या जुन्या अधिनियमातील कलम ४७ जवळपास याच शब्दांत होते आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. पंजाब राज्य वीज मंडळाचा एक साहाय्यक लाइनमन सेवेत असताना पूर्ण अंध झाला. आपल्याला निवृत्त करून पत्नीला नोकरी द्यावी, असे त्याने स्वतःच लिहून दिले आणि मंडळाने ती स्वेच्छानिवृत्ती मानली. २००८ मध्ये न्यायालयाने ती निवृत्ती अमान्य केली. हक्काची माहिती नसलेल्या, खचलेल्या कर्मचाऱ्याला कायदा समजावून सांगणे हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य होते, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. त्याआधी, २००३ मध्ये, पाय गमावलेल्या केंद्रीय दलातील एका शिपायाच्या प्रकरणात, रुग्णता निवृत्तिवेतन मिळते म्हणून कलम ४७ चे संरक्षण नाकारता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले होते.

खासगी नोकरीत

कलम २०(४) खासगी आस्थापनांना लागू नाही, हे स्वच्छ सांगितलेले बरे. तेथे आधार घ्यायचा तो समान संधी धोरणाचा. कलम २१ नुसार असे धोरण प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचे असते, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात कोणत्या सोयी मिळतील हे लिहिलेले असावे लागते. त्याची प्रत मनुष्यबळ विभागाकडे लेखी मागावी, नियुक्तिपत्रातील आणि स्थायी आदेशांतील आजारपणाची कलमे तिच्यासोबत वाचावीत, आणि मगच राजीनाम्याच्या मसुद्याला उत्तर द्यावे.