ऑफिसच्या दाराला बोटांचं मशीन लावण्याआधी: तयारीची यादी

गेल्या वेळी आमच्या ऑफिसच्या मुख्य दाराला बोटांचे ठसे घेणारं मशीन लावायचं काम माझ्याकडे होतं. ते मी बिघडवलं आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्याच माणसाला पडला. आता दुसऱ्या मजल्यावर तेच काम पुन्हा आलंय, म्हणून ही यादी.

वीज, यूपीएस, नेटवर्कची वायर, आतून बाहेर पडायचं बटण आणि आगीच्या वेळी कुलूप आपोआप सुटणं, हे सगळं कोणताही बरा इन्स्टॉलर बघतो. मशीनच्या काचेवर थेट ऊन येणार नाही एवढं फक्त स्वतः उभं राहून बघा.

पहिलं खरं काम म्हणजे दोन चुका वेगवेगळ्या लिहून काढणं. आपल्याच माणसाला दार उघडत नाही, तो चुकीचा नकार. त्याचं प्रमाण म्हणजे एफआरआर. भलत्याचं बोट मशीननं नोंदवलेल्या कुणाचं तरी मानलं, तर तो चुकीचा स्वीकार. त्याचं प्रमाण म्हणजे एफएआर. प्रत्येक वेळी मशीन दोन ठशांच्या साम्याला एक गुण देतं आणि थ्रेशोल्ड म्हणजे पास व्हायचे किमान गुण. ते वाढवले की भलते लोक कमी शिरतात पण आपले लोक जास्त अडकतात, कमी केले की उलट. एकच स्क्रू आहे आणि तो दोन्ही चुकांना एकदम हलवतो. दोन्ही चुका समान होतात तो आकडा, म्हणजे ईईआर, विक्रेते हौसेनं सांगतात. मशीनची मशीनशी तुलना करायला तो ठीक आहे, पण दार त्या बिंदूवर कुणी चालवत नाही. सोडून द्या.

आता ज्यासाठी हे लिहितोय ते. दाराच्या मशीनमध्ये एकूण किती बोटं नोंदवली जाणार आहेत, तो आकडा आधी कागदावर लिहा. माणसं नाही, बोटं. मी हे केलं नव्हतं.

माहितीपत्रकात एफएआर ०.००१ टक्के लिहिलं होतं, म्हणजे लाखात एक. मी ते वाचून निर्धास्त झालो. पण तो आकडा एका ठशाची दुसऱ्या एका ठशाशी तुलना केली तर किती वेळा चूक होते, एवढंच सांगतो. रेशन दुकानात ई-पॉसवर बोट ठेवण्याआधी आपण कोण आहोत ते मशीनला कळलेलं असतं आणि तुलना फक्त त्या एका माणसाच्या ठशांशी होते. ऑफिसच्या दारावर आपण काहीच सांगत नाही, नुसतं बोट टेकवतो. मशीन ते बोट नोंदवलेल्या सगळ्या ठशांशी लावून बघतं. आमच्याकडे ३०० माणसं, प्रत्येकाची दोन बोटं, म्हणजे ६०० ठसे. त्यामुळे परक्यानं एकदा बोट टेकवलं की चुकायच्या ६०० संधी. लाखात एक गुणिले ६००, म्हणजे दर १६७ वेळा टेकवल्यावर एकदा दार उघडणार. गुणाकार ढोबळ आहे, पण ठरवायला पुरेसा आहे.

ॲपल स्वतःच्या टच आयडीबद्दल हेच उघड सांगतं: एक बोट नोंदवलं तर ५०,००० मध्ये एक, पाच बोटं नोंदवली तर १०,००० मध्ये एक. पाच बोटांनी एवढा फरक पडतो. आपली सहाशे आहेत.

त्यावर मी काय केलं ते सांगतो. पहिल्या आठवड्यात नकाराच्या तक्रारींचा पाऊस पडला. सगळ्यात जास्त त्रास सफाईच्या मावशींना. फिनेल आणि साबणाच्या पाण्यात रोजचे हात, बोटांची टोकं गुळगुळीत झालेली, मध्ये उभ्या भेगा. सकाळी सातला त्या दारात उभ्या राहून पदराला बोट पुसायच्या, पुन्हा टेकवायच्या, पुन्हा लाल दिवा. ते बघवेना म्हणून मी विक्रेत्याला फोन केला आणि त्यानं सांगितल्याप्रमाणे `1:N Match Threshold`, म्हणजे एक बोट सगळ्या ठशांशी लावून बघतानाचा थ्रेशोल्ड, खाली आणला. तक्रारी थांबल्या. मला वाटलं, जमलं.

महिनाअखेरीला हजेरीचा तक्ता आला तेव्हा अकाउंट्समधल्या, बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या एक मॅडम चार दिवस सकाळी सातला ऑफिसात आलेल्या दिसत होत्या. त्याच चार दिवशी मावशी गैरहजर दिसत होत्या आणि त्यांचे चार दिवसांचे पैसे कापले गेले होते. मावशींचं बोट मशीननं मॅडमचं मानलं होतं. पैसे परत मिळाले, पण आपण रोज येतो हे मावशींना पटवून द्यावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं. नंतर विक्रेत्याकडून सेटिंगचा तक्ता मागवला. त्या खालच्या सेटिंगला एफएआर दहा हजारात एक होतं. गुणिले ६००. म्हणजे परक्यानं शंभरदा बोट टेकवलं तर जवळपास सहा वेळा दार उघडणार आणि त्यानं दहाही बोटं लावून पाहिली तर उघडायची शक्यता ४५ टक्के. चार आठवडे आमचं दार असं होतं.

नकार मिळालेला माणूस लगेच तुमच्या टेबलाशी येऊन उभा राहतो. चुकीचा स्वीकार मिळालेला कशाला येईल? त्याला दार उघडलेलं असतं. म्हणून तक्रारींवरून थ्रेशोल्ड लावू नका. तक्रारी एकाच चुकीच्या येतात.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी बोटांची संख्या. मग परक्यानं एकदा बोट टेकवलं तर दार उघडायची शक्यता किती चालेल ते ठरवा. मुख्य दाराला मी हजारात एक धरतो, कारण बाहेर वॉचमन आहे. मग हजाराला ६०० नं गुणा: एका तुलनेचं एफएआर सहा लाखांत एक किंवा त्याहून कमी हवं. आता विक्रेत्याला विचारा, कोणत्या सेटिंगला एफएआर किती आणि एफआरआर किती. लेखी. मेनूतल्या ३५ किंवा ४५ या आकड्याला या तक्त्याशिवाय काही अर्थ नाही आणि चेहऱ्याच्या काही मशीनवर तर लहान आकडा म्हणजे कडक तपासणी असते. तक्त्यात सहसा लाखात एक आणि दहा लाखांत एक अशा पायऱ्या असतात, तेव्हा दहा लाखांची घ्या. गुणिले ६०० करून बघा: साधारण १,६६७ मध्ये एक. चालेल. विक्रेत्याकडे तक्ताच नसेल तर मशीन घेऊ नका. यावर मी वाद घालणार नाही.

सर्व्हर रूमचं दार वेगळं धरा. तिथे ज्या बारा जणांना जायचंय त्यांचीच बोटं टाका. इन्स्टॉलर सोयीसाठी सगळ्या मशीनवर सगळी यादी ढकलतो, ते करू देऊ नका. २४ ठसे आणि ६०० ठसे यात पंचवीसपट फरक आहे आणि तो फुकट मिळतो.

एवढं कडक लावलं की नकार वाढतील. त्यावर उपाय थ्रेशोल्ड नव्हे, नोंदणी. मावशींची नोंदणी मी संध्याकाळी फरशी पुसून झाल्यावर, रांगेत शेवटी, ओलसर बोटांनी उरकली होती. खराब ठसा एकदा आत गेला की पुढे रोज नकार, आणि तो दुसऱ्याच कुणाशी जुळायचा धोकाही वाढतो. त्यामुळे हात कोरडे आणि काच पुसलेली असताना, प्रत्येक हाताचं एक बोट, नखाकडचं टोक न टेकवता मधला फुगीर भाग नीट बसवून घ्या. तर्जनी झिजली असेल तर अंगठा किंवा मधलं बोट बघा. मशीन ठशाचा दर्जा दाखवत असेल तर कमी दर्जाचा ठसा स्वीकारू नका, दुसरं बोट घ्या. हातावर ताजी मेंदी असलेल्यांची नोंदणी नंतर करा.

तरीही काही बोटं जमणारच नाहीत. बहुतेक नकार थोड्याच माणसांच्या वाट्याला येतात, सगळ्यांच्या नाही. त्यांना कार्ड द्या: आधी कार्ड, मग बोट. मशीन मग फक्त त्या माणसाच्या दोन ठशांशी तुलना करतं आणि त्यासाठी मेनूत वेगळं `1:1 Match Threshold` असतं. ते दहा हजारात एकवर आणलं तरी दोन ठशांत मिळून पाच हजारात एकच. मावशींसाठी तपासणी सैल करायचीच, पण त्यांच्या कार्डामागे. सगळ्या ऑफिसचं दार सैल करायचं नाही. त्यांच्यासाठीची नेहमीची सोय बोटाशिवायही हवी, म्हणजे वॉचमनकडे सही. एका माणसाला दारात तिष्ठत ठेवायचं नाही.

चाचणी. विक्रेत्याच्या डेमोला मशीनमध्ये आठ बोटं होती आणि आम्ही परक्यांनी हात लावून बघितला, काही उघडलं नाही. आठ बोटांवर काय उघडणार! चाचणी सगळी बोटं नोंदवून झाल्यावर करा. नोंद नसलेली वीस माणसं बोलवा, प्रत्येकाची दहा बोटं, २०० वेळा टेकवा. माझ्या त्या बिघडलेल्या सेटिंगला यात अकरा-बारा वेळा दार उघडलं असतं. एका दुपारचं काम होतं. मात्र २०० मध्ये एकदाही उघडलं नाही तरी सिद्ध एवढंच होतं की प्रमाण दीड टक्क्याच्या आत असावं. हजारात एक यातून सिद्ध होत नाही, त्यासाठी तक्ताच लागतो. बनावट बोटाचा प्रश्न वेगळा, एफएआरमध्ये तो धरलेला नसतो. जिवंत बोट ओळखण्याची सोय आहे का ते स्वतंत्र विचारा.

पुढचं थोडक्यात. बोट टेकवल्यावर स्क्रीनवर नाव दिसू द्या आणि लोकांना सांगा, दुसऱ्याचं नाव आलं तर कळवा. पगार कापायच्या आधी रजेची यादी आणि दाराची नोंद आठवड्याला ताडून बघा. पहिले दोन आठवडे नकार वहीत लिहा: कोण, कुठलं बोट, कितव्यांदा उघडलं. ठसे घेताना संमती, ती लेखी. पावसाळ्यात काच पुसायला फडकं.

नोकरी सोडून गेलेल्यांचे ठसे त्याच दिवशी काढा. ते राहिले तर बोटांची संख्या वाढत जाते. शंभर माणसं नवीन आली की पुन्हा मोजा, पुन्हा गुणा.