बिल अडलं होतं शब्दसंख्येपाशी: कायदेशीर अनुवादाच्या थकीत पैशांसाठी लिहिलेली तीन पत्रं

अनुवादाचं काम सुरू करून तेव्हा मला दीड वर्ष झालं होतं. एका वकिली कार्यालयासाठी वितरण करार आणि त्याची परिशिष्टं इंग्रजीतून मराठीत करून दिली. मूळ मजकूर 11,400 शब्दांचा होता. 4 मार्चला फाइल आणि अनुवाद अचूक असल्याचं सही केलेलं प्रमाणपत्र दिलं, 6 मार्चला बिल पाठवलं. बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांत पैसे, असं कोटेशनमध्येच ठरलं होतं, म्हणजे मुदत 5 एप्रिलची. पैसे आले 15 मेला. मधल्या काळात मी तीन पत्रं लिहिली. पहिल्या दोन पत्रांनी काहीच हललं नाही, आणि त्याला कारण ती पत्रंच होती.

पहिलं पत्र 8 एप्रिलचं. विषयात मी करार करणाऱ्या दोन्ही पक्षांची नावं घातली होती आणि पुढे ‘अनुवादाचे मानधन’. काम चटकन लक्षात यावं एवढाच हेतू होता. शिवाय ते वकिलांना पाठवताना अकाउंट्सच्या सामाईक पत्त्यालाही प्रत लावली. तासाभरात वकिलांचा फोन. पैशांबद्दल अवाक्षर नाही. “मॅडम, हा करार अजून जाहीर झालेला नाही. ही नावं आमच्या अकाउंट्सलासुद्धा माहीत नव्हती.” माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण गोपनीयतेच्या करारावर मीच सही केलेली. त्या दिवसापासून कायदेशीर कामाच्या बिलात आणि पत्रात मी फक्त बिल क्रमांक, वर्क ऑर्डरचा क्रमांक आणि शब्दसंख्या लिहिते. वर्क ऑर्डर नसेल तर काम घेतानाच दोघांत एक सांकेतिक क्रमांक ठरवून घेते. पैसे देणाऱ्याला काम ओळखता यायला हवं, पण कामात काय आहे ते कळता कामा नये.

दुसरं पत्र 22 एप्रिलचं. ते वाचून आजही कान गरम होतात. घरखर्च, रात्री जागून केलेलं काम, ‘आपल्यासारख्या प्रतिष्ठित कार्यालयाकडून ही अपेक्षा नव्हती’, सगळं त्यात होतं. फक्त बिल क्रमांक नव्हता, आणि बिल सोबत जोडायचंही राहिलं होतं. ‘पाहतो’ एवढंच उत्तर आलं. असं पत्र ज्याच्या हातात पडतं त्याला वाईट वाटतं, पण करता काहीच येत नाही. बिल शोधायचं, मुदत तपासायची, कोणाची मंजुरी राहिली ते विचारायचं, हे सगळं त्याच्यावरच पडतं. मग पत्र बाजूला पडतं.

मेच्या सुरुवातीला मी वकिलांना सोडून थेट अकाउंट्समध्ये फोन केला आणि पैसे मागण्याऐवजी विचारलं, “माझं बिल नेमकं कोणापाशी आहे?” पलीकडच्या बाईंनी कागद काढले. “मॅडम, तुमच्या बिलावर शंका लिहिलीय. बिलात 11,400 शब्द आहेत, आणि तुमची फाइल उघडली तर 9,100च भरतात.”

कोणी फसवत नव्हतं, कोणी टाळतही नव्हतं. त्यांनी अनुवादित फाइलचे शब्द मोजले होते, मी आकारणी मूळ मजकुराच्या शब्दांवर केली होती. इंग्रजीतून मराठीत येताना शब्दांची संख्या साधारणपणे घटते, कारण आपले विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘ऑफ द अ‍ॅग्रीमेंट’ हे तीन शब्द मराठीत ‘कराराच्या’ एवढा एकच शब्द होतात. अनुवाद करणाऱ्याला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की दुसऱ्याला सांगायचं सुचतच नाही. शब्ददर मूळ मजकुरावर आहे हे कोटेशनमध्ये होतं, पण कोटेशन वकिलांच्या मेलमध्ये आणि बिल अकाउंट्सच्या टेबलावर. शंका लिहिली गेली, मला मात्र ती कोणी विचारली नाही. आणि मी दोनदा ‘कृपया पैसे द्या’ म्हटलं, त्याने त्या शंकेचं उत्तर कसं मिळणार?

6 मेला तिसरं पत्र गेलं, अकाउंट्सच्या त्या बाईंना, वकिलांना प्रत लावून. विषय होता: ‘बिल क्र. 17, 6 मार्च: मुदत 5 एप्रिल, रक्कम येणे बाकी’.

“महोदया,
वरील बिलाची रक्कम अद्याप जमा झालेली नाही. बिल, वर्क ऑर्डर, आपण मान्य केलेले कोटेशन आणि 4 मार्चला काम मिळाल्याची आपली पोच सोबत जोडली आहे.
शब्दसंख्येबाबत: कोटेशनच्या तिसऱ्या मुद्द्यानुसार आकारणी मूळ मजकुराच्या शब्दांवर आहे. मूळ फाइलमध्ये 11,400 शब्द आहेत. मोजणीचा तपशील जोडला आहे. मराठी अनुवादात शब्द कमी भरतात, त्यामुळे आपल्याला 9,100 हा आकडा दिसतो.
आणखी काही शंका असल्यास 10 मेपर्यंत लेखी कळवावी. नसल्यास संपूर्ण रक्कम 15 मेपर्यंत बिलावरील खात्यात जमा करावी.”

बस, एवढंच. बाईंना कोणालाही काही विचारावं लागलं नाही. मोजणीचा तपशील म्हणजे वर्ड प्रोसेसरमधल्या शब्दगणनेचं चित्र. आता मी ते बिलासोबतच पाठवते आणि बिलावर ‘मूळ मजकुराचे शब्द’ असं स्पष्ट लिहिते. तळटिपा मोजल्या की नाही तेही लिहावं, कारण करारांमध्ये त्या बऱ्याच असतात आणि शब्दगणनेच्या त्या चौकटीत एक खूण केली-काढली की आकडा बदलतो.

दुसरं पत्र लिहिताना एक मोह मात्र मी आवरला होता. पैसे आले नाहीत तर प्रमाणपत्र मागे घेईन, असं लिहायचं मनात आलं होतं. आपल्यातल्या काहीजणी असं लिहितात. पण त्या प्रमाणपत्रात मी म्हटलं होतं की अनुवाद मूळ मजकुराशी जुळतो. पैसे थकले म्हणून तो जुळायचा थांबत नाही. पैशांसाठी सही मागे घेतली की माझ्या बाकीच्या सह्यांवरही कोण विश्वास ठेवणार? शिवाय तोवर कागद कुठेतरी दाखल झाला असेल, तर फटका बसतो तो ज्याचा या बिलाशी काही संबंध नाही अशा पक्षकाराला. हिशेब फक्त बिलाचा मागावा.

व्याजाचंही तसंच. कोटेशनमध्ये विलंबाच्या व्याजाची अट नसेल आणि लागू कायदाही ते देत नसेल, तर पत्रात अचानक टक्केवारी टाकू नये. वकिलांशी पत्रव्यवहार आहे. पहिली खोड तिथेच काढतील.

बिल थकलं की कधीकधी उत्तरात ‘अनुवादात चुका होत्या’ असं येतं, तेही काम वापरून झाल्यावर. त्यानंतर वर्षभराने दुसऱ्या एका कार्यालयाने मला तसं लिहिलं. मी चिडले नाही, असं म्हणणार नाही. पण उत्तरात एवढंच लिहिलं: कोणत्या कलमात, कोणत्या वाक्यात चूक आहे त्याची यादी सात दिवसांत पाठवा, खरी चूक असेल तर विनामूल्य दुरुस्त करते, ज्या भागावर आक्षेप नाही त्याची रक्कम दरम्यान जमा करा. यादी आली, तिच्यात दोन नोंदी होत्या. एक माझी खरी चूक होती, ‘शॅल’चं ‘मे’सारखं भाषांतर, बंधन होतं तिथे मुभा लिहिलेली. कबूल करून दुरुस्त फाइल त्याच दिवशी पाठवली. दुसरी नोंद निव्वळ शब्दाच्या आवडीनिवडीची होती. पैसे पूर्ण आले.